सिमेंट टाकताना बीपी का कोसळतं, आणि त्याआधी काय करायचं

प्रश्न: मी अनेस्थेशियाला नवीन आहे. आमच्याकडे खुब्याच्या फ्रॅक्चरचे म्हातारे पेशंट खूप येतात. सिमेंट टाकल्यावर बीपी एकदम पडतं, कधी अरेस्टही होतो, असं सीनियर सांगतात. हे सिमेंटमधल्या केमिकलमुळे होतं का? कोणाला होईल हे आधी ओळखता येतं का, आणि त्या वेळी मी नेमकं काय करायचं?

उत्तर:

केमिकलचा संशय जुना आहे आणि समजण्यासारखाही आहे. सिमेंट म्हणजे पावडर आणि द्रव यांचं मिश्रण. त्या द्रवातला मिथाइल मेथाक्रिलेट रक्तवाहिन्या सैल करतो, हे प्रयोगशाळेत दिसलं होतं. मिसळताना येणारा तो उग्र वास त्याचाच. पण ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या रक्तात त्याचं जे प्रमाण सापडतं, ते बीपी पाडायला लागणाऱ्या प्रमाणापेक्षा खूपच कमी भरतं. शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत सिमेंटऐवजी नुसतं मेण हाडात दाबून भरलं, तरी फुप्फुसांवर आणि रक्ताभिसरणावर जवळपास तसाच परिणाम झाला. म्हणजे काय भरलं यापेक्षा किती दाबून भरलं, याला जास्त महत्त्व आहे.

फीमरची पोकळी रिकामी नसते. तिच्यात मज्जा, चरबी, रक्त आणि हाडाचा चुरा असतो. सर्जन सिमेंट भरतो आणि त्यात स्टेम ढकलतो, तेव्हा हे सगळं दाबलं जातं. त्याला बाहेर पडायला वाट एकच, हाडातल्या शिरा. तिथून चरबीचे थेंब, मज्जेचे तुकडे, हवा आणि सिमेंटचे कण उजव्या हृदयात आणि पुढे फुप्फुसात जातात. अन्ननलिकेतून इको केला, तर स्टेम आत जाताना उजव्या कप्प्यांत पांढऱ्या कणांचा अक्षरशः पाऊस पडताना दिसतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. असा पाऊस बहुतेक पेशंटमध्ये दिसतो, पण कोसळतात थोडेच. किती कण गेले आणि बीपी किती पडलं, यांचा मेळही नीट बसत नाही. कारण हे कण नुसते अडकून राहत नाहीत. त्यांच्यासोबत गोठण्याची प्रक्रिया सुरू करणारे पदार्थ जातात, फुप्फुसाच्या वाहिन्या आकसतात, हिस्टामिन आणि कॉम्प्लिमेंटचाही हात असल्याचं मानतात. मिथाइल मेथाक्रिलेटला पूर्ण निर्दोष कोणी म्हणत नाही, पण मुख्य आरोपी तो नाही. शेवटी निकाल लावतं ते पेशंटचं उजवं वेन्ट्रिकल. फुप्फुसातला दाब अचानक वाढला, तर ते किती तग धरतं, हा खरा प्रश्न आहे.

उजव्या वेन्ट्रिकलची भिंत पातळ असते. ते भरपूर रक्त सहज पुढे ढकलतं, पण दाबाविरुद्ध काम करायची त्याला सवय नसते. फुप्फुसातला रोध वाढला की ते फुगतं आणि मधला पडदा डावीकडे सरकतो. डावं वेन्ट्रिकल कमी भरतं आणि बीपी पडतं. बीपी पडलं की उजव्या वेन्ट्रिकललाच मिळणारं कोरोनरी रक्त कमी होतं, आणि ते आणखी फुगतं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की मिनिटा-दोन मिनिटांत अरेस्टपर्यंत जाऊ शकतं. ते तोडायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे एऑर्टातला दाब. म्हणून या विषयावर माझं एकच म्हणणं आहे: बीपी पडल्यावर धावायचं नाही, सिमेंट येण्याआधी ते वर नेऊन ठेवायचं.

तीव्रता मोजायला तीन ग्रेड वापरतात. सॅच्युरेशन ९४%च्या खाली गेलं किंवा सिस्टोलिक २०%पेक्षा जास्त पडलं, तर पहिली ग्रेड. सॅच्युरेशन ८८%च्या खाली, सिस्टोलिकमध्ये ४०%पेक्षा जास्त घट, किंवा अचानक शुद्ध हरपणं, ही दुसरी. सीपीआर लागला की तिसरी. फीमरच्या मानेच्या फ्रॅक्चरसाठी सिमेंटचं हेमिआर्थ्रोप्लास्टी झालेल्या हजारावर पेशंटचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिली ग्रेड सुमारे २१%, दुसरी ५% आणि तिसरी १.७% पेशंटमध्ये दिसली. तीस दिवसांतल्या मृत्यूचं प्रमाण काहीच न झालेल्यांत ५%च्या आसपास होतं, दुसऱ्या ग्रेडमध्ये ३५% आणि तिसऱ्यात ८८%. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या ग्रेडमध्ये मोठी दरी आहे, आणि आपली सगळी धडपड पेशंटला त्या दरीच्या अलीकडे ठेवण्यासाठी असते.

कोणाला होईल ते अचूक सांगता येत नाही, पण कोणासाठी जास्त तयारी करायची ते सांगता येतं. त्याच अभ्यासात एएसए तीन किंवा चार, सीओपीडी, लघवीची औषधं आणि वॉरफरिन या गोष्टी जोखमीशी जोडलेल्या आढळल्या. यांतली लघवीची गोळी आणि वॉरफरिन स्वतः दोषी असतीलच असं नाही. ज्याच्या यादीत त्या असतात, त्याच्या हृदयात आधीच काहीतरी बिघडलेलं असतं, असं मी समजतो. फुप्फुसातला दाब आधीच वाढलेला असेल, तर तो माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा इशारा.

दुसरा भाग हाडाचा. ऑस्टिओपोरोसिसमध्ये पोकळी रुंद होते, शिरांचे मार्ग मोकळे होतात आणि आतला माल सहज बाहेर पडतो. कॅन्सर पसरलेल्या हाडात, ट्रोकँटरजवळच्या फ्रॅक्चरमध्ये आणि लांब स्टेम वापरताना धोका वाढतो. उलट, पूर्वी सिमेंट घातलेल्या हाडात रिव्हिजन करताना तो तुलनेने कमी असतो, कारण आतली भिंत गुळगुळीत आणि कठीण झालेली असते. नवख्यांना हे उलटं वाटतं. रिव्हिजनला ते घाबरतात, आणि आजीबाईंच्या साध्या हेमिआर्थ्रोप्लास्टीला निर्धास्त असतात.

आता एक केस पाहू, म्हणजे आकडे कागदावर राहणार नाहीत. ब्याऐंशी वर्षांच्या आजी, वजन ४६ किलो, फीमरच्या मानेचं फ्रॅक्चर. जुना सीओपीडी, रोज फ्युरोसेमाइड. इकोमध्ये उजवं वेन्ट्रिकल किंचित फुगलेलं, फुप्फुसातला सिस्टोलिक दाब अंदाजे ५५. वॉर्डातलं बीपी १४८/७६, तेच टेबलावरही. ही १४८ मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावतो आणि शेजारी ११८ आणि ८९ लिहितो. हे २०% आणि ४०% घट होण्याचे आकडे. प्रसंग आल्यावर गणित करायला वेळ नसतो.

स्पायनल कमी डोसचं: ०.५% हेवी बुपिव्हाकेन १.६ मिली, म्हणजे ८ मिलिग्राम. पाच मिनिटांनी सिस्टोलिक ११६. इथेच बरेच जण फसतात. ११६ हा आकडा मॉनिटरवर छान दिसतो, अलार्म वाजत नाही, आजी शांत पडलेल्या असतात. पण टक्केवारी भूल देण्याआधीच्या बीपीवरून मोजायची असते. त्या हिशोबाने सिमेंटचा डबा उघडायच्या आधीच आजी पहिल्या ग्रेडच्या आकड्याखाली आहेत. यावर फुप्फुसाचा धक्का बसला, तर खाली जायला जागा उरत नाही.

म्हणून नॉरअ‍ॅड्रेनलिनचं पातळ इन्फ्यूजन चांगल्या, मोठ्या शिरेतून ०.०५ मायक्रोग्राम प्रति किलो प्रति मिनिट या वेगाने सुरू केलं. सिस्टोलिक १३५ला आलं. आर्टेरियल लाइन होतीच. अशा पेशंटमध्ये ती आधी लावायची. कफ दर अडीच-तीन मिनिटांनी फुगतो, आणि इथला सगळा खेळ त्याहून कमी वेळात होऊन जातो. लाइन लावणं शक्य नसेल, तर निदान सिमेंटच्या टप्प्यात कफ दर मिनिटाला लाव. पाण्याचंही तसंच. फ्रॅक्चर झाल्यापासून आजींनी धड काही प्यायलेलं नसतं आणि वर फ्युरोसेमाइड. ही तूट आधी सावकाश भरून काढायची. उजवं वेन्ट्रिकल फुगल्यावर बाटल्या सोडणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याकडे येतोच.

नाकातल्या नळीला कॅप्नोग्राफ जोडलेला. स्पायनलमध्ये याच्या आकड्यावर फार विसंबायचं नाही. पेशंट बोलला किंवा तोंडाने श्वास घेतला की आकडा खाली येतो. पण तो आधी किती होता आणि आता कुठे चाललाय, हे कळतं. जनरल अनेस्थेशियात मात्र हाच सगळ्यात लवकर बोलणारा साक्षीदार आहे. फुप्फुसाकडे रक्त कमी जाऊ लागलं की एंड-टायडल कार्बन डायऑक्साइड सॅच्युरेशनच्या आधी घसरतो. स्पायनलमध्ये ते काम पेशंट स्वतः करतो: "दम लागतोय", "कसंतरी होतंय", किंवा चालू असलेलं बोलणं मध्येच थांबतं. म्हणून या टप्प्यात आजींना गाढ झोपवलेलं मला आवडत नाही. जास्त सिडेशनने श्वास मंदावतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि फुप्फुसातला दाब आपल्याच हाताने वाढतो. जनरल दिलं असेल, तर नायट्रस ऑक्साइड टाळ, कारण रक्तात गेलेले हवेचे बुडबुडे त्याने मोठे होतात. स्पायनल की जनरल, या वादात मी पडत नाही. बीपी सांभाळलेलं असेल, तर दोन्ही चालतात.

सर्जनशी बोलणं टाइम आउटलाच झालेलं असतं. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञ, ऑर्थोपेडिक आणि वृद्धरोग संघटनांनी २०१५ साली मिळून जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांतही हेच मुख्य आहे. सिमेंट टाकण्याआधी सर्जनने मोठ्याने सांगायचं, भूलतज्ज्ञाने मोठ्यानेच उत्तर द्यायचं, आणि सिस्टोलिक मूळ आकड्याच्या २०%च्या आत राखायचं. सर्जनच्या हातात तर आपल्यापेक्षा जास्त आहे. पोकळी दाबाच्या पाण्याने नीट धुवून कोरडी केली की ढकलायला मालच कमी उरतो. खाली प्लग, आत एक बारीक सक्शनची नळी, आणि सिमेंट गनने तळापासून वर भरत आणलं की हवा आणि रक्त वरून बाहेर येतं. आणि नाजूक पेशंटमध्ये जोर लावून प्रेशरायझेशन करायचं नाही. सिमेंट हाडात नीट रुतावं म्हणून सर्जनला दाब हवा असतो आणि आपल्याला तो नको असतो. ही ओढाताण खरी आहे. ती टेबलावर आयत्या वेळी नव्हे, आदल्या दिवशी सोडवावी.

तर सर्जन म्हणाले, "कॅनाल धुतला, सिमेंट मिक्स करतोय." मी म्हणालो, "ऐकलं. बीपी १३५. थांबा म्हणालो तर थांबा." मास्कवर पूर्ण ऑक्सिजन. फेनिलएफ्रिनची सिरिंज १०० मायक्रोग्राम प्रति मिली आणि अ‍ॅड्रेनलिनची १० मायक्रोग्राम प्रति मिली, दोन्हींवर लेबल, दोन्ही हाताशी. मोबाइल, नोंदी, पुढच्या केसची चौकशी, सगळं बाजूला. सिमेंट मिसळल्यापासून ते घट्ट होईपर्यंत साधारण दहा-बारा मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ डोळे फक्त मॉनिटरवर आणि आजींच्या चेहऱ्यावर.

सिमेंट भरताना काही झालं नाही. स्टेम आत जायला लागला आणि अर्ध्या मिनिटात कॅप्नोग्राफ ३४वरून २२वर आला. आजी म्हणाल्या, "श्वास पुरत नाहीये गं." जवळच्या सिस्टरना हाक होती ती. सॅच्युरेशन ९९वरून ९१, मग ८७. आर्टेरियल लाइनवर सिस्टोलिक १३५, ११०, ८६. ही दुसरी ग्रेड झाली.

सर्जनला सांगितलं: "बीपी ८६, स्टेम आहे तिथे धरा, आणखी दाब देऊ नका, सांधा बसवू नका." स्टेम बसलेला होता, त्यामुळे सर्जनने तो फक्त स्थिर धरून ठेवला. सिमेंट घट्ट होईपर्यंत एवढं करता येतं आणि इम्प्लांटचंही नुकसान होत नाही. सांधा बसवायला घाई करू नये याचं कारण असं की, पाय वळवलेला असताना मांडीची शीर मुरडलेली असते आणि तिच्यात माल साठतो. पाय सरळ करून सांधा बसवला की तो सगळा एकदम वर जातो. काही पेशंट स्टेमला नाही, नेमके इथे कोसळतात. "सिमेंट झालं, सुटलो" म्हणून आपण मान वळवतो तेव्हाच.

औषध कोणतं? नुसत्या वाहिन्या सैल झाल्या असतील, तर फेनिलएफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्राम पुरतं. इथे मात्र फुगलेलं उजवं वेन्ट्रिकल आहे, म्हणजे आकुंचनालाही बळ हवं. म्हणून अ‍ॅड्रेनलिन २० मायक्रोग्राम दिलं, चाळीस सेकंदांनी पुन्हा २०, आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ०.१५पर्यंत वाढवलं. मेफेंटरमिनवर इथे वेळ घालवू नये. ते शरीरातल्या साठ्यावर काम करतं, सावकाश चढतं, आणि अशा पेशंटमध्ये तो साठाच आटलेला असू शकतो. सलाइन २०० मिली दिलं, परिणाम पाहिला आणि थांबलो. पुस्तकांत भरपूर फ्लुइड द्या असा सल्ला सापडेल. ज्याचं शरीर कोरडं आहे त्याला तो लागूही पडतो. पण फुगलेल्या उजव्या वेन्ट्रिकलमध्ये आणखी ओतलं, तर मधला पडदा अजून डावीकडे जातो आणि बीपी सुधारण्याऐवजी बिघडतं. दिलेल्या फ्लुइडने बीपी वर आलं नाही आणि मानेच्या शिरा फुगल्या, तर समजायचं की पाणी पुरे, आता औषध.

तीन मिनिटांत सिस्टोलिक १२५ झालं, पाच मिनिटांत सॅच्युरेशन ९४. आजी बोलत होत्या, म्हणून ट्यूब टाकली नाही. शुद्ध हरपली असती किंवा सॅच्युरेशन वर येत नसतं, तर टाकली असती, पण अगदी थोड्या औषधावर आणि आधी प्रेसर चढवून. ट्यूब टाकल्यावर मोठे श्वास आणि जास्त पीप देण्याचा मोह होतो. दोन्हींनी उजव्या वेन्ट्रिकलवरचा भार वाढतो. नाडी गेली असती, तर इतर कोणत्याही अरेस्टप्रमाणे छाती दाबणं आणि अ‍ॅड्रेनलिन १ मिलिग्राम. आणि पेशंट कुशीवर असेल तर लगेच सरळ करायचा. त्यासाठी कोण काय धरणार हे आधी ठरलेलं असावं.

सिमेंट घट्ट झालं, बीपी दहा मिनिटं स्थिर राहिलं, मग सर्जनने सांगूनच सांधा बसवला. सिस्टोलिक १३०वरून ११७ झालं आणि परत वर आलं.

आजींना वॉर्डात नाही, एचडीयूत पाठवलं. फुप्फुसातला दाब साधारण २४ ते ४८ तासांत उतरतो, पण तोपर्यंत उजवं वेन्ट्रिकल थकलेलं असतं. ऑक्सिजन, नॉरअ‍ॅड्रेनलिन हळूहळू कमी करणं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा इको. शुद्धीत फरक पडला, एक बाजू लुळी वाटली किंवा गोंधळ वाढला, तर मेंदूकडेही पाहायचं. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयात फोरामेन ओव्हेल अर्धवट उघडं राहिलेलं असतं. उजवीकडचा दाब वाढला की त्यातून कण डावीकडे जाऊन मेंदूत पोहोचू शकतात. आणि ऑपरेशन नोटमध्ये "क्षणिक हायपोटेन्शन" असं लिहू नको. ग्रेड, वेळ आणि दिलेली औषधं लिही. आजींचा दुसरा पाय मोडला, तर पुढच्या भूलतज्ज्ञाला ते लागेल.

आता तू पुढे विचारशीलच, म्हणून सांगतो: एवढी भीती, तर सिमेंट वापरायचंच कशाला? कारण सिमेंट नसलेल्या स्टेमभोवती हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाण जास्त असतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत वयस्क पेशंटच्या हेमिआर्थ्रोप्लास्टीत सिमेंटच्या गटाचं जीवनमान थोडं चांगलं राहिलं आणि इम्प्लांटभोवतीची फ्रॅक्चरं कमी झाली. त्यामुळे सरसकट सिमेंट बंद करा, असं मी सर्जनला कधी म्हणत नाही. फुप्फुसातला दाब खूप वाढलेला, उजवं वेन्ट्रिकल आधीच दमलेलं आणि पेशंट फारसा चालणाराही नसेल, तेव्हा मात्र सिमेंटशिवाय करता येईल का हे आदल्या दिवशी विचारतो, आणि नातेवाइकांनाही त्याच बैठकीत दोन्ही बाजू सांगतो.